आधी चाकं, मग हौदा

महामार्गाच्या कडेने काढलेल्या फोटोत ट्रक दिसला की नजर आधी त्याच्या रंगावर जाते, मग मागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर, मग ताडपत्रीखाली काय असेल त्यावर. गाडीचा प्रकार ओळखायचा असेल तर यातलं काहीच फारसं कामाचं नाही. हौदा बदलता येतो, नव्याने बांधून घेता येतो, ताडपत्रीने झाकता येतो. चाकांची मांडणी मात्र बहुतेक गाड्यांत चासीबरोबर कारखान्यातच ठरलेली असते. म्हणून सुरुवात खालून करावी.

ॲक्सल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा. बाजूने काढलेल्या फोटोत प्रत्येक ॲक्सलचं एकच वर्तुळ दिसतं. पण त्या वर्तुळामागे एक टायर आहे की दोन, हे कसं कळणार? ‘दहा टायर’, ‘बारा टायर’, ‘चौदा टायर’ ही ट्रकवाल्यांची मोजणी तर त्यावरच चालते. याचं उत्तर रिमवर लिहिलेलं असतं. पुढच्या चाकाची रिम मधोमध बाहेर फुगलेली दिसते. मागच्या चाकाची रिम परातीसारखी आत गेलेली असते, आणि तिच्या तळाशी हब दिसतो. मागे दोन टायर एकमेकांना खेटून बसवायचे असतात, त्यामुळे बाहेरच्या टायरची रिम उलटी लावतात आणि तिची फुगीर बाजू आत जाते. म्हणजे फुगीर वर्तुळ दिसलं की त्या ॲक्सलला दोन टायर, खोल वर्तुळ दिसलं की चार. साधा तीन ॲक्सलचा ट्रक घ्या: एक फुगीर, दोन खोल. दोन अधिक चार अधिक चार, झाले दहा टायर.

ही युक्ती कुठे उपयोगी पडते, ते ‘चौदा टायर’ या नावावरून कळतं. एकाच रस्त्याचे दोन फोटो आहेत असं समजू. दोन्हीतल्या गाड्यांना ढाब्यावर कुणीही चौदा टायरच म्हणेल.

पहिल्या फोटोत केबिनखाली एक फुगीर वर्तुळ आहे आणि थोडं मागे दुसरं फुगीर वर्तुळ. ही दोन्ही स्टिअरिंगबरोबर वळणारी चाकं. मग मोठी मोकळी जागा. त्यानंतर आणखी एक फुगीर वर्तुळ, पण नीट पाहिलं तर त्या टायरच्या खाली रस्त्यापर्यंत चार बोटांची फट दिसते आणि टायरची सावली टायरला चिकटलेली नाही. हा उचलता येणारा ॲक्सल, ज्याला चालक ‘लिफ्ट’ म्हणतात. गाडी रिकामी असली की तो वर घेतात, टायर झिजत नाहीत आणि डिझेलही वाचतं. त्याच्या मागे दोन खोल वर्तुळं. बेरीज करा: दोन, दोन, दोन, चार, चार. टायर चौदा, ॲक्सल पाच. हौदा आणि केबिन एकाच चासीवर.

दुसऱ्या फोटोत पुढे एक फुगीर, लगेच मागे एक खोल, मग लांबलचक मोकळी जागा आणि शेवटी शेजारीशेजारी दोन खोल. दोन, चार, चार, चार. टायर इथेही चौदाच, पण ॲक्सल चार, आणि ही मुळी एक गाडी नाही. पुढे ओढणारा घोडा, मागे ट्रेलर. केबिन आणि मालाच्या भागात उभी फट दिसते. फोटोत ती फट झाकली गेली असेल तर ट्रेलरच्या पोटाखाली पाहावं. मागच्या चाकांच्या बऱ्याच पुढे दोन लोखंडी पाय वर घेतलेले लटकताना दिसतील. घोडा सुटून निघून गेला की ट्रेलर याच पायांवर उभा राहतो. एकसंध ट्रकला असे पाय नसतात.

फरक फक्त नावाचा नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने वजनाच्या मर्यादा वाढवल्या. त्यानुसार पुढच्या दोन टायरच्या ॲक्सलवर 7 टन, चार टायरच्या एकट्या ॲक्सलवर 11.5 टन आणि चार-चार टायरच्या जोडीवर 21 टन भार चालतो. या हिशेबाने ट्रेलरच्या गाडीचं मालासह वजन 39.5 टनांपर्यंत जातं, तर पाच ॲक्सलच्या एकसंध ट्रकला 43.5 टनांची मुभा आहे. ट्रेलर लांब दिसतो म्हणून जास्त ओझं वाहतो असं समजणारे इथे फसतात. टोलनाक्याला मात्र याचं सोयरसुतक नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलमध्ये चार ते सहा ॲक्सल हा एकच गट आहे, त्यामुळे दोघांना सारखीच पावती.

चाकं मोजून झाल्यावर हौद्याकडे वळावं. त्यात सगळ्यात जास्त गोंधळ कंटेनरचा होतो. आपल्याकडे पत्र्याने चहूबाजूंनी बंद केलेली कुठलीही गाडी कंटेनर ठरते. जहाजावरून आलेला खरा कंटेनर ओळखायला त्याचे कोपरे बघावेत. आठही कोपऱ्यांना लंबगोल भोकं असलेले जाड ठोकळे असतात. उचलायचा आकडा आणि ट्रेलरवर पकडून ठेवणारी कुलपं त्यातच अडकतात. दारावर चार इंग्रजी अक्षरं, त्यातलं शेवटचं बहुधा U, आणि पुढे सात आकडे. लांबी साधारण 6 किंवा 12 मीटर. हे काही नसेल तर तो ट्रकला कायमची जोडलेली बंद पेटी आहे.

खडी-वाळूच्या गाड्यांना लोक सरसकट ‘हायवा’ म्हणतात. बऱ्याच टिपरांत केबिन आणि हौद्याच्या मध्ये उभा जाडजूड सिलिंडर असतो, तोच हौदा वर ढकलतो. फोटोत तो दिसला की हौदा खाली असला तरी टिपर ओळखता येतो. सिमेंटचा बल्कर तर लांबूनच कळतो, त्याचं पोट खाली निमुळतं होत गेलेलं असतं.

बसच्या बाबतीत रिमची युक्ती आणखी मजेशीर ठरते. मल्टी-ॲक्सल व्होल्वोच्या मागच्या दोन वर्तुळांपैकी पहिलं खोल असतं आणि दुसरं फुगीर, म्हणजे एकूण आठ टायर. शेवटचा ॲक्सल इंजिनाची ताकद घेत नाही, फक्त वजन वाटून घेतो. ट्रकच्या मागच्या जोडीत सहसा दोन्ही खोल असतात, त्यामुळे फोटोत नुसता खालचा अर्धा भाग आला असला तरी बस की ट्रक याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. चकचकीत टोप्या बसवलेल्या चाकांवर मात्र हे चालत नाही.

एसटीची नेहमीची लाल बस दोन ॲक्सलची. तिचं इंजिन पुढे असल्यामुळे तोंडावर हवेची जाळी दिसते. इंजिन मागे असलेल्या बसला ती जाळी मागच्या चाकाच्या पलीकडे, कडेच्या पत्र्यात असते. उंचीवरून ॲक्सलचा अंदाज बांधू नये. मुंबईतली बेस्टची इलेक्ट्रिक दुमजली बस दोनच ॲक्सलवर चालते. खिडक्यांच्या दोन रांगा दिसल्या म्हणून बस दुमजली होत नाही. स्लीपर कोचलाही वरच्या बर्थसाठी दुसरी रांग असते, पण ती बुटकी असते आणि आत मजला एकच असतो.

हे सगळं बाजूने काढलेल्या फोटोला लागू. पुलावरून किंवा समोरून टिपलेल्या फोटोत मागची चाकं एकमेकांआड जातात आणि दुसरा स्टिअरिंग ॲक्सलही पहिल्यामागे लपतो. तिरप्या फोटोत सावली थोडी मदत करते. रस्त्यावर टायरांच्या सावल्या वेगळ्या पडल्या असतील तर त्या मोजता येतात. नाहीतर ‘किमान तीन ॲक्सल’ एवढंच नोंदवून पुढच्या गाडीकडे जावं.