‘नेहमीचेच पाठवा’ म्हणजे नेमके काय?

‘दादा, ग्लोव्हज 2 बॉक्स, 5 च्या सिरिंज आणि टीटी पाठवा. नेहमीचेच. उद्या लागेल.’ दवाखान्यातून पुरवठादाराला असा निरोप सहज जातो. पण ‘बॉक्स’ म्हणजे शंभर नगांची डबी की असे दहा डबे असलेला खोका? सिरिंज किती, हे तर लिहिलेलेच नाही.

हाच निरोप खरेदी आदेशाच्या ईमेलमध्ये असा उतरतो:

‘नायट्राइल तपासणी हातमोजे, पावडरविरहित, मध्यम आकार: 2 डबे, प्रत्येकी 100 नग. सिरिंज 5 मिली, 23 गेज 1 इंची सुईसह: 100 नग. धनुर्वात लस, 0.5 मिली अँप्यूल: 10 नग. पोच मंगळवारी सकाळी 11 पूर्वी. वाहतूक खर्च दरात धरलेला. बदली ब्रँड विचारल्याशिवाय नको.’

लशीची ओळ मात्र एवढ्यावर सोडू नये. ती 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच यायला हवी आणि गोठता कामा नये. गोठलेली लस वापरता येत नाही. म्हणून ‘शीतपेटीतून पोच, बिलावर बॅच क्रमांक, मुदत किमान 12 महिने शिल्लक, अन्यथा माल परत’ ही अट तिथेच लिहावी. निरोपात नसलेला आकडा मात्र अंदाजाने भरू नये, आधी नर्सताईंना विचारावा.