समोरून की मागून? इअरबड्समधल्या स्पेशियल ऑडिओची खरी परीक्षा

इअरबड्स घालून गाणं लावलं की गायिकेचा आवाज दोन कानांच्या मधोमध, डोक्याच्या आत कुठेतरी ऐकू येतो. तेच गाणं खोलीतल्या स्पीकरवर लावलं तर आवाज समोरून येतो. गाणं एकच असतं, तरी जागा बदलते. हा फरक भरून काढण्याचं काम स्पेशियल ऑडिओ करतो. तो कुठे खरोखर उपयोगी पडतो आणि कुठे नुसता खोक्यावर छापलेला शब्द ठरतो, हे समजायला आपले कान दिशा कशी ओळखतात तिथूनच सुरुवात करावी लागते.

डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात आधी पोचतो आणि डोक्याला वळसा घालून उजव्या कानात जरा उशिरा. हा उशीर अगदी किरकोळ असतो. आवाज थेट कानाच्या बाजूने आला तरी तो एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच राहतो. शिवाय डोकं मध्ये आडवं येत असल्यामुळे लांबच्या कानात तीव्र सूर थोडे दबतात. एवढ्या दोन खुणांवर मेंदू डावं-उजवं अचूक सांगतो.

पण पुढचं आणि मागचं? नाकासमोर उभा असलेला माणूस बोलला काय आणि बरोबर पाठीमागचा बोलला काय, दोघांचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोचतो. वेळेतला फरक दोन्हीकडे शून्यच. इथे कानाच्या बाहेरच्या भागाच्या घड्या कामाला येतात. पुढून आलेला आवाज त्या एका प्रकारे बदलतात, मागून आलेला दुसऱ्या प्रकारे. मात्र प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी, त्यामुळे या खुणाही ज्याच्या त्याच्या. इअरबड तर या घड्या ओलांडून थेट कानाच्या भोकात बसतो. म्हणून फोनला या खुणा गणिताने तयार कराव्या लागतात आणि बहुधा त्या कुणाच्या तरी सरासरी कानाच्या असतात. तुमचा कान त्या सरासरीपासून दूर असेल, तर पडद्यावरच्या नायकाचे संवाद तुम्हाला चक्क मागून किंवा डोक्यावरून ऐकू येतील. ॲपलने 2022 मध्ये आयफोनच्या कॅमेऱ्याने कानांचं स्कॅन घेण्याची सोय दिली, ती याच अडचणीसाठी.

या कोड्यावर निसर्गाने दिलेला आणखी एक उपाय मला सगळ्यांत सुंदर वाटतो, तो म्हणजे मान वळवणं. मान जराशी उजवीकडे वळवा. आवाज समोरून येत असेल तर आता तो डाव्या कानाला आधी भेटेल. मागून येत असेल तर उजव्या कानाला. हान्स वालाख या मानसशास्त्रज्ञाने 1940 मध्येच दाखवून दिलं की दिशा ठरवताना मेंदू डोक्याच्या हालचालीवर फार विसंबून असतो. साध्या इअरबड्समध्ये हाच आधार तुटतो. मान कुठेही वळवा, आवाज डोक्याबरोबरच फिरतो. बाहेरच्या जगात असा आवाज कधीच नसतो, म्हणून मेंदू त्याची जागा डोक्याच्या आतच ठरवून टाकतो.

हेड ट्रॅकिंग हा तुटलेला आधार परत जोडतं. इअरबडमधले जायरोस्कोप आणि ॲक्सेलरोमीटर हे सेन्सर मान किती वळली ते सतत मोजतात. टॅब्लेटवर चित्रपट चालू आहे असं धरा. तुम्ही मान 30 अंश उजवीकडे वळवली, म्हणजे पडदा आता तुमच्या डावीकडे 30 अंशांवर आला. संवाद पडद्यातूनच यायला हवेत, तर डाव्या कानाला ते साधारण पाव मिलिसेकंद आधी मिळाले पाहिजेत आणि उजव्या कानात जरा बोथट झाले पाहिजेत. हा हिशेब प्रत्येक हालचालीला नव्याने होतो. तो वेळेत झाला तर पडदा खरोखर बोलतो आहे असं वाटतं. ब्लूटूथमुळे उशीर झाला तर मान आधी वळते आणि आवाज मागाहून घसरत जागेवर येतो. मान झटकन वळवून थांबवली की हे घसरणं लगेच कळतं.

आता यातला कच्चा दुवा. डोकं वर-खाली किंवा खांद्याकडे कललं तर गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून सेन्सर स्वतःची चूक सुधारू शकतो. आडव्या वळणाला असा कुठलाच आधार नाही. बारीक चुका साठत जातात आणि ‘समोर’ हळूहळू सरकतं. म्हणून तुम्ही काही वेळ दुसरीकडेच बघत राहिलात, तर यंत्रणा त्यालाच नवं ‘समोर’ मानते. बसमध्ये तर आणखी पेच पडतो, कारण बस वळली की डोकंही वळतं. ॲपलने 2020 मध्ये ही सोय आणली तेव्हा फोनमधल्या सेन्सरची नोंद इअरबडच्या नोंदीशी ताडून पाहण्याची पद्धत ठेवली. दोन्ही एकदम वळले, तर वळलं ते वाहन. जिथे फक्त इअरबडचेच सेन्सर काम करतात, तिथे घाटातल्या प्रत्येक वळणावर गाणं एका कानाकडे कलंडतं.

यावरून एक गोष्ट उघड होते. समोर आवाजाचा ठरलेला उगम असेल, तरच हेड ट्रॅकिंगला अर्थ आहे. चित्रपट, मालिका, व्हिडिओ पाहताना ते वापरावं. फोन खिशात ठेवून चालताना गाणं ऐकत असाल, तर रस्ता ओलांडायला मान वळवल्यावर तबला एकाच कानात जावा, यात काय मिळवलं? तिथे ते बंदच बरं.

दुसरा प्रश्न मूळ ध्वनिमुद्रणाचा. डॉल्बी ॲटमॉसमध्ये मिश्रण केलेल्या चित्रपटात कुठला आवाज कुठे आहे याची माहिती आधीच भरलेली असते, इअरबड्सनी ती फक्त मांडायची. साध्या स्टीरिओ गाण्यात तेवढी माहिती नसते. आयफोनवर ‘Spatialize Stereo’ निवडलं की स्टीरिओचे दोन आवाज समोरच्या काल्पनिक स्पीकरांतून आल्यासारखे मांडले जातात आणि खोलीचा भास जोडला जातो. काहींना ते मोकळं वाटतं. पण आकाशवाणी पुणे केंद्रावरून 1955-56 मध्ये प्रसारित झालेल्या गीतरामायणासारखं मोनो ध्वनिमुद्रण घ्या. त्यात डावं-उजवंच नाही. तिथे बाबूजींचा आवाज फार तर थोडा लांब जाईल आणि त्याला एक परकी घुमार चिकटेल. त्या गळ्यातला श्वास न् श्वास ऐकायचा असेल, तर कुठलीही प्रक्रिया न केलेला आवाजच ऐकावा.

स्वस्त इअरबड्सच्या खोक्यावर ‘स्पेशियल’ लिहिलेलं असतं, तेव्हा पुष्कळदा आत सेन्सरच नसतो; नुसती घुमार आणि तीव्र सुरांना दिलेला उठाव असतो. दुकानातच पारख करता येते. बातम्यांसारखा एकट्या माणसाचा बोलण्याचा व्हिडिओ लावा, फोन टेबलावर ठेवा, डोळे मिटा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. बोलणारा जागेवर राहिला तर ट्रॅकिंग आहे. तुमच्याबरोबर फिरला तर नाही. मग सोय बंद-चालू करून ऐका, पण दोन्ही वेळा आवाजाची पातळी कानाने सारखी करून घ्या. जो आवाज थोडा मोठा, तोच कानाला चांगला वाटतो, आणि निम्मा प्रभाव कित्येकदा तेवढ्याचाच असतो. बोलणं पातळ किंवा न्हाणीघरात बोलल्यासारखं झालं, तर त्या सोयीसाठी जादा पैसे मोजू नका.

सोय असलेले इअरबड्स घरात आधीच असतील, तर आयफोनवर आवाजाची पट्टी दाबून धरली की ‘Off’, ‘Fixed’ आणि ‘Head Tracked’ असे पर्याय दिसतात. ‘Fixed’मध्ये आवाजाची मांडणी तशीच राहते, मान वळवल्याचा परिणाम मात्र होत नाही. ही निवड प्रत्येक ॲपसाठी वेगळी लक्षात ठेवली जाते. चित्रपटांच्या ॲपला ‘Head Tracked’ द्यावं, गाण्यांच्या ॲपला ‘Off’, आणि ॲटमॉसमधला एखादा अल्बम मुद्दाम ऐकायचा असेल तेव्हा ‘Fixed’.