अंधेरीच्या संघाची रेघ कशी वाचाल?

आकडे : अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना हे मुंबई सिटी एफसीचं घरचं मैदान. इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीअखेर या संघाचं स्थान असं होतं : 2020-21 मध्ये पहिलं, मग पाचवं, पुन्हा पहिलं, 2023-24 मध्ये दुसरं आणि 2024-25 मध्ये सहावं.

मांडणी : क्रमवारीच्या आलेखात आडव्या अक्षावर हंगाम, उभ्या अक्षावर क्रमांक. 1 सगळ्यात वर हवा. तो खाली राहिला तर घसरण चढणीसारखी दिसते. प्रत्येक संघाची एक रेघ असते. बारा-तेरा रंग वापरले तर गुंताच होतो, म्हणून मुंबईची रेघ निळी आणि बाकीच्या करड्या ठेवाव्यात.

दोनच टोकं घेतली तर : 2020-21 आणि 2022-23 एवढेच हंगाम जोडले, तर रेघ पहिल्या क्रमांकावर सरळ आडवी जाते. मधलं पाचवं स्थान गायब! म्हणून सगळे हंगाम दाखवणारा आलेखच हवा.

रेघ काय लपवते : 2020-21 मध्ये मुंबई आणि एटीके मोहन बागान यांचे गुण सारखेच, 40 होते, आपसातले दोन्ही सामने जिंकल्यामुळे मुंबई वर राहिली. 2022-23 मध्ये मात्र 46 गुणांसह ती दुसऱ्या क्रमांकाच्या हैदराबादपेक्षा चार गुणांनी पुढे होती. आलेखात दोन्ही वेळा ठिपका एकाच उंचीवर. म्हणून ठिपक्याशेजारी गुण लिहावेत.