काचेखालची फुली किती वर येते?

कागदावर शाईने बारीक फुली काढून तिच्यावर जाड काचेची चीप ठेवली, की फुली वर उचलल्यासारखी दिसते. ती नेमकी किती उचलली गेली हे मोजले, तर काचेचा अपवर्तनांक हाती येतो. प्रकाशाचा एकही कोन मोजावा लागत नाही. अठराव्या शतकात फ्रान्सच्या ड्यूक द शोन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली ही रीत आज बारावीच्या प्रात्यक्षिकांत आढळते.

फुलीपासून निघालेले किरण काचेतून हवेत शिरताना बाहेरच्या बाजूला वाकतात. डोळा ते सरळच आले असे धरतो, म्हणून फुली आहे त्यापेक्षा वर भासते. सरळ वरून पाहिल्यास खऱ्या खोलीला भासमान खोलीने भागले की अपवर्तनांक मिळतो. तिरके पाहिल्यास हे गणित जुळत नाही, म्हणून चल सूक्ष्मदर्शीची नळी उभी ठेवतात.

या सूक्ष्मदर्शीला भिंगापुढे एका ठरावीक अंतरावरचेच स्पष्ट दिसते. म्हणून एकदा फुली स्पष्ट झाली, की नळीचा फोकस पुन्हा हलवायचा नाही. उभ्या पट्टीवर अख्खा सूक्ष्मदर्शी वरखाली सरकवायचा. मग पट्टीवरचा फरक म्हणजेच पाहिलेल्या दोन वस्तूंच्या उंचीतला फरक. व्हर्निअरमुळे तो 0.001 सेंमीपर्यंत वाचता येतो.

नोंदी तीनच. समजा, उघड्या फुलीची नोंद 5.214 सेंमी आली. चीप ठेवल्यावर फुली धूसर होते. ती पुन्हा स्पष्ट होईपर्यंत सूक्ष्मदर्शी वर नेला, तेव्हा 5.838. मग चिपेच्या वरच्या पृष्ठभागावर चिमूटभर लायकोपोडियम पावडर भुरभुरवून तिचे कण स्पष्ट केले, तेव्हा 7.038. तिसरीतून पहिली वजा केली की खरी जाडी 1.824, तिसरीतून दुसरी वजा केली की भासमान जाडी 1.200. भागाकार 1.52, नेहमीच्या खिडकीच्या काचेइतका. फुली 0.624 सेंमी, म्हणजे जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त वर आली.

सर्वात दगाबाज असते ती दुसरी नोंद. थोडे वरखाली केले तरी फुली स्पष्टच वाटते. अशा वेळी डोळा किंचित डावीउजवीकडे हलवून पाहावा. फुली क्रॉसवायरच्या तुलनेत सरकली, तर फोकस अजून जुळलेला नाही. या नोंदीत 0.01 सेंमीची चूक झाली, तर वरच्या चिपेचे उत्तर 1.52 ऐवजी 1.53 येईल. चीप फक्त 0.3 सेंमी जाड असती, तर तेवढ्याच चुकीने उत्तर 1.60 वर गेले असते. पातळ काच टाळतात ती याचसाठी.

चीप आणि कागद यांच्यात फट राहिली, तर अपवर्तनांक खोटाच कमी येतो. ते ओळखायला चिपेची जाडी व्हर्निअर कॅलिपरने वेगळी मोजावी. ती 1.824 शी जुळली नाही, तर चीप नीट बसलेली नाही किंवा मधेच कुणाचा तरी हात फोकसच्या स्क्रूला लागला आहे.