राहून गेलेले बोलणे

व्यापारी घराण्यांत पत्रलेखन नवे नाही. पेढीवरची पत्रे, हुंड्या, हिशेबाचे तक्ते, लग्नपत्रिका यांत लेखणी सहज चालते. परंतु ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलणे नाही, अशा जुन्या मित्राला त्याच्या वाढदिवशी चार ओळी लिहिण्याची वेळ आली की तीच लेखणी अडखळते. त्यातही मित्र मराठी वाचणारा नसेल, तर मनातले मराठी इंग्रजीत उतरवावे लागते. हे काम वरवर शब्दकोशाचे वाटते. प्रत्यक्षात ते मनाच्या हिशेबाचे असते.

उदाहरणादाखल सांगलीतील हळदीचे एक अडत व्यापारी डोळ्यांसमोर आणावेत. त्यांचा मित्र इरोडचा. तमिळनाडूतील इरोड ही सांगलीप्रमाणेच हळदीची मोठी पेठ. तरुणपणी हा मित्र दर हंगामात सौद्यांसाठी सांगलीला येत असे, यांच्याच घरी उतरत असे. बाजारापुरते मराठी त्याच्या कानाला परिचित झाले, परंतु देवनागरी वाचण्याइतके नाही. पुढे एका मालाच्या ओलाव्यावरून वाद झाला. रकमेचा निकाल लागला, खाते मिटले. फोनवर बोललेले कठोर शब्द मात्र मिटले नाहीत. त्यानंतर मित्राच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. हे गेले नाहीत आणि उत्तरही धाडले नाही. या गोष्टीला बारा वर्षे झाली. आता मित्राला सत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. ह्यांनी मराठीत मजकूर लिहिला आणि इंग्रजी करण्यासाठी नातीच्या हाती दिला. तो असा होता :

‘प्रिय मित्रा, सप्रेम नमस्कार. आज तुला सत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. बरीच वर्षे बोलणे राहून गेले. काही गैरसमज झाले असतील तर क्षमा असावी. वहिनी कशा आहेत? तुला उदंड आयुष्य लाभो. चूकभूल द्यावी घ्यावी.’

मराठी वाचकाला यात काही खटकणार नाही. परंतु ‘बोलणे राहून गेले’ या शब्दांपाशी नात थांबली. तिने विचारले, “आजोबा, कोणाचे राहून गेले?”

प्रश्न व्याकरणाचा होता, पण लागला वर्मी. मराठीत ‘राहून गेले’, ‘जमले नाही’, ‘घडून आले’ अशी वाक्ये कर्त्यावाचून उभी राहतात. जणू बोलणे ही वस्तू कोपऱ्यात आपोआप पडून राहिली; कोणी ती ठेवली नाही, कोणी विसरले नाही. या रचनेत एक सभ्यता आहे. समोरच्यावर दोष येत नाही. पण स्वतःवरही येत नाही. इंग्रजी वाक्य मात्र सहसा कर्ता मागते. नातीपुढे तीन वाटा होत्या. ‘इट हॅज बीन अ लाँग टाइम’ म्हटले, तर फार काळ लोटला एवढेच कळते, जबाबदारी काळाची. ‘वुई लॉस्ट टच’ म्हटले, तर संपर्क दोघांकडून सुटला. जबाबदारी निम्मी निम्मी. ‘आय डिड नॉट राइट टू यू’ म्हटले, तर मी लिहिले नाही; जबाबदारी लिहिणाऱ्याची. यांतले कोणते वाक्य खरे, हे भाषांतर करणाऱ्याला ठरवता येत नाही. ते मूळ लिहिणाऱ्यानेच ठरवावे लागते. मित्राने पत्रिका पाठवली होती, म्हणजे त्याच्या बाजूने दार उघडे होते. तेव्हा तिसरे वाक्यच खरे होते.

दुसरी अडचण ‘काही गैरसमज झाले असतील तर’ या शब्दांची. मराठीत ही बोलण्याची एक रूढ पद्धत आहे. तिचा शब्दशः अनुवाद केला, तर मित्राने काहीतरी चुकीचे समजून घेतले, असा अर्थ निघू शकतो. ‘असतील तर’ या अटीमुळे क्षमाही जामिनावर सोडल्यासारखी होते. शिवाय मोघम क्षमा कशाबद्दल, ते समोरच्याला कळत नाही. क्षमापनेच्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडम्’ किंवा ‘उत्तम क्षमा’ म्हणताना वर्षभरातील जाणते-अजाणते सर्व दोष एका उच्चारात येतात, आणि तो संकेत दोन्ही बाजूंना ठाऊक असतो. हा संकेत नसलेल्या मित्राला त्याचे इंग्रजी रूपांतर धाडले, तर हाती उरते ते केवळ एक सौजन्याचे वाक्य. त्याला कळायला हवे ते एवढेच, की पत्रिकेला उत्तर न देणे चुकले, हे लिहिणाऱ्याला उमगले आहे.

येथे एक मोह आवरावा लागतो. एकदा चूक कबूल करायची ठरली की ओलाव्याचा वादही उकरून काढावासा वाटतो. आपली बाजू कशी बरोबर होती, हे अर्ध्या ओळीत सुचवावेसे वाटते. तो हिशेब मिटलेला आहे. वाढदिवसाच्या पत्रात तो काढला, की पत्र शुभेच्छेचे राहत नाही, खुलाशाचे होते. एक चूक, तीही आपली, आणि तीही दोन-तीन छोट्या वाक्यांत. एवढेच वाढदिवस पेलू शकतो.

तिसरा शब्द पेढीवरचा. ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ हे हिशेबाच्या शेवटी लिहायचे शब्द. इंग्रजी बिलावर त्या जागी ‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड’ असे छापतात, आणि दोन्ही एकच आहेत असे आपण धरून चालतो. परंतु त्यांचा रोख वेगळा आहे. इंग्रजी शब्द बिल देणाऱ्याचे रक्षण करतात : यात चूक निघाली तर ती मला बांधील नाही, मी दुरुस्त करीन. मराठी शब्दांत देणे आणि घेणे दोन्ही आहे : तुझ्या बाजूची निघाली तर मी देईन, माझ्या बाजूची निघाली तर तू दे. मित्राच्या पत्रात इंग्रजी शब्द गेले असते, तर शेवटची ओळ बिलाची झाली असती. ती ओळ दोन्ही भाषांतून काढली. मुख्य चूक आता पत्रात नावानिशी आली होती, त्यामुळे तिची गरजही उरली नव्हती.

‘वहिनी कशा आहेत?’ हा प्रश्न प्रेमाचा, पण बारा वर्षांनंतर धोक्याचा. या काळात कोणाच्या घरी काय घडले, हे ठाऊक नसते. उत्तर दुःखाचे असेल, तर वाढदिवशीच मित्राला ते लिहावे लागेल. म्हणून आधी दोघांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे चौकशी करावी. ती शक्य नसेल, तर प्रश्न न विचारता ‘घरी सर्वांना नमस्कार’ लिहावे. तसाही ‘वहिनी’ हा शब्द इंग्रजीत नेता येत नाही. ‘सिस्टर-इन-लॉ’ म्हटले, तर ते नाते कागदोपत्री होते, घरगुती राहत नाही.

सर्वांत मोठी हानी ‘तू’ची. इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांना मिळून एकच ‘यू’. मराठी मजकुरात पहिल्याच ओळीतील ‘तुला’ने जी जवळीक येते, ती इंग्रजीत पुसली जाते, ती दुसरीकडून भरून काढावी लागते. ‘डिअर फ्रेंड’ने ती भरत नाही, हे शब्द जाहिरातीच्या पत्रातही असतात. तेथे सौद्यात त्याला ज्या नावाने हाक मारत, ते नाव घालावे. दुसरा उपाय म्हणजे केवळ दोघांनाच ठाऊक असलेली एखादी आठवण. नातीने विचारल्यावर आजोबांना मिरज स्टेशन आठवले. रात्रीची गाडी उशिरा येई, तोवर फलाटावर दोघे भडंगाची पुडी संपवत. ‘भडंग’ हा शब्द इंग्रजीत तसाच ठेवला. त्याचे ‘तिखट चुरमुरे’ असे रूपांतर अनोळखी माणसासाठी योग्य. या मित्राच्या जिभेवर मूळ शब्द आहे.

या सर्व प्रश्नांनंतर मराठी मजकूरच बदलला :

‘प्रिय मित्रा, आज तुला सत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. बारा वर्षांपूर्वी तुझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला मिळाली होती. मी आलो नाही आणि उत्तरही लिहिले नाही. ते माझे चुकले. मिरज स्टेशनवरून जाताना आपण दोघांनी मिळून संपवलेली भडंगाची पुडी अजून आठवते. तुला उत्तम आरोग्य लाभो. घरी सर्वांना नमस्कार. उत्तराची घाई नाही.’

इंग्रजीत हा मजकूर जवळजवळ वाक्याला वाक्य असा उतरला. शुभेच्छेसाठी ‘मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे’ घेतले. आजच्या मुलांना ते जुने वाटेल. पण हा दिवस पुनःपुन्हा उगवो, असा त्याचा अर्थ आहे आणि सत्तरीच्या भारतीय व्यापाऱ्याच्या कानाला ते ओळखीचे आहे. ‘हार्दिक’साठी ‘हार्टी’ घेतले असते, तर वाक्य छापील कार्डासारखे झाले असते. मधली वाक्ये अशी झाली : ‘आय डिड नॉट कम, अँड आय डिड नॉट रिप्लाय. दॅट वॉज राँग ऑफ मी.’ ‘लाभो’साठी ‘मे यू बी ब्लेस्ड’ असे भारदस्त न लिहिता ‘आय विश यू गुड हेल्थ’ असे साधे ठेवले. शेवटची ओळ ‘देअर इज नो हरी टू रिप्लाय’.

इंग्रजी नीट उतरले की नाही, हे पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. मूळ मराठी न पाहिलेल्या घरातील दुसऱ्या माणसाला केवळ इंग्रजी वाचायला द्यावे आणि त्याने काय समजले ते मराठीत सांगावे. ‘हे काहीतरी मागत आहेत’ किंवा ‘हे स्वतःची बाजू मांडत आहेत’ असे उत्तर आले, तर कोठेतरी वाक्य वाकडे गेले आहे. ‘ह्यांना मित्राची आठवण येते आणि पत्रिकेचे वाईट वाटते’ असे उत्तर आले, तर पत्र पाठवण्याजोगे झाले.

उरला प्रश्न पाठवण्याचा. मोबाइलवरचा संदेश क्षणात पोहोचतो, पण त्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या की पाठवणारा उत्तराची वाट पाहू लागतो आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असते. ‘उत्तराची घाई नाही’ ही ओळ तेथे खोटी पडते. शिवाय बारा वर्षांत नंबर बदललेला असू शकतो. पेढीचा पत्ता सहसा बदलत नाही. म्हणून कागद घेतला. एका बाजूस इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूस, मित्राला वाचता येणार नाही हे ठाऊक असूनही, आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले मराठी. ‘तू’ तेथे आहे. आणि कोणी वाचून दाखवले, तर तो त्याला ऐकताच कळेल. वाढदिवसाच्या आठवडाभर आधी पाकीट टपालात पडले. त्यावर पत्ता नातीने लिहिलेला नव्हता. जुन्या बिल्ट्यांवरचे ज्यांचे अक्षर मित्राने वर्षानुवर्षे पाहिले होते, त्यांनीच तो लिहिला होता.