बादलीवरचा पांढरा थर

बाथरूममधली निळी बादली वर्षभरात राखाडी दिसू लागते. आतून, पाणी भरतो त्या उंचीवर, पांढरा पट्टा उमटतो. मगाचा तळ खरखरीत होतो आणि दांडा चिकट. बोअरचं पाणी असलेल्या घरांत हे सर्रास दिसतं. मग तारेची घासणी आणि साबण घेऊन अर्धा तास घासलं जातं. बादली ओली असेपर्यंत चकचकीत दिसते आणि वाळली की पट्टा जागच्या जागी. याचं कारण असं की त्या थरात दोन वेगवेगळे मळ एकावर एक बसलेले असतात. एकावर जे चालतं ते दुसऱ्यावर चालत नाही.

पहिला मळ पाण्यातल्या क्षारांचा. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हटलंय, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळलं किंवा तापलं की त्यांतला काही भाग चुनखडीच्या रूपात मागे राहतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी असं म्हटलंय. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा तुमच्याकडचं पाणी ३०० चं आहे आणि बादली रिकामी केल्यावर तिच्या भिंतींना चार चमचे, म्हणजे २० मिलिलिटर पाणी चिकटून राहतं. ते वाळलं की फार तर ६ मिलिग्रॅम क्षार उरतो. डोळ्याला दिसणारही नाही. पण रोज एकदा धरलं तरी वर्षाला दोन ग्रॅमच्या आसपास होतो, आणि तो पातळ थर घट्ट बसलेला असतो.

दुसरा मळ साबणाचा. साबणाच्या हातानेच आपण मग धरतो, बादलीत बुडवतो. साबणातली स्निग्धाम्लं पाण्यातल्या कॅल्शियमशी जोडली जातात आणि पाण्यात न विरघळणारा, मेणासारखा साका तयार होतो. त्यात अंगाचं तेल मिसळतं. हा साका क्षाराच्या थरावर बसतो, त्याच्यावर पुन्हा क्षार, पुन्हा साका. म्हणूनच अंगाच्या किंवा कपड्यांच्या साबणाच्या वडीने बादली घासणं हे उलटं काम आहे. त्याच कठीण पाण्यात तोच साबण आणखी साका करतो. भांड्यांचं लिक्विड किंवा कपड्यांची डिटर्जंट पावडर कॅल्शियमशी असा साका धरत नाही, म्हणून तीच घ्यायची.

कुठला मळ कुठे आहे ते ओळखायला बादली पूर्ण वाळलेली हवी, कारण ओल्या पृष्ठभागावर क्षार दिसतच नाही. नखाने खरवडून पाहा. मेणासारखा गोळा नखात आला तर साका. खरखरीत, टणक लागलं तर क्षार. शंका असेल तर तिथे व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले की चुनखडी आहे हे नक्की. बहुतेक वेळा दांड्यावर आणि कडेवर साका जास्त सापडतो. तळाशी आणि पाण्याच्या रेषेवर क्षार.

आता १६ लिटरची एक बादली आणि तिच्यातला मग घेऊ. सुरुवात आम्लाने करायची नाही, कारण वरचा तेलकट साका आम्लाला क्षारापर्यंत पोचू देत नाही. आधी हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात डिटर्जंट घालून प्लास्टिकच्या घासणीने दोन्ही घासून घ्या आणि धुवा. उकळतं पाणी ओतू नका. पातळ बादली त्याने वाकडी होऊ शकते.

मग सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व. अर्ध्या लिटर पाण्यात २५ ग्रॅम पुरे. बादली काठोकाठ भरून याच तीव्रतेचं पाणी करायचं तर ८०० ग्रॅम लागेल, आणि ते वाया जाईल. त्यापेक्षा जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे तुकडे या पाण्यात भिजवून आतल्या भिंतीला, पट्ट्याच्या जागी चिकटवा. वरून प्लास्टिकची पिशवी लावली की ते वाळत नाहीत. उरलेलं पाणी तळाशी ओता आणि त्यातच मग आडवा ठेवून अधूनमधून फिरवा. तासाभराने कापड काढून घासा. पट्टा शिल्लक असेल तर ताजं पाणी करून पुन्हा एकदा लावा.

इथे एक बारकावा आहे. जास्त आम्ल आणि जास्त गरम पाणी म्हणजे जास्त सफाई, असा हिशेब इथे बसत नाही. कॅल्शियम आणि सायट्रिक अ‍ॅसिड मिळून जो नवा क्षार बनतो तो पाण्यात कमीच विरघळतो, आणि पाणी गरम असेल तर आणखी कमी. मग सफाईनंतरही पांढरी भुकटी दिसते. म्हणून पाणी कोमटच ठेवा आणि शेवटी भरपूर पाण्याने खळखळून धुवा. साधं पांढरं व्हिनेगर वापरलं तर ही अडचण येत नाही, कारण त्यातून बनणारा क्षार सहज विरघळतो. वास मात्र सहन करावा लागतो.

आम्लानंतर हात फिरवला तर काही ठिकाणी बोटाला मेणासारखं लागतं. इथे पुष्कळ जण उपाय फसला असं समजून थांबतात. खरं तर आम्लाने साक्यातलं कॅल्शियम काढून घेतलेलं असतं आणि मागे स्निग्धाम्ल उरलेलं असतं. आता त्याला अल्कली हवी. हातमोजे घालून कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आणि थोडं डिटर्जंट घेऊन घासा. स्निग्धाम्लाचा पुन्हा साबण होतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. सोडा लागतो तो इथे, शेवटी. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र फसफसवण्याचा उपाय फार सांगितला जातो. त्यात दोघं एकमेकांनाच निकामी करतात आणि बादलीसाठी फारसं काही उरत नाही.

बादलीचं प्लास्टिक हे आम्ल आरामात सोसतं. धोका आजूबाजूला असतो. बादलीची लोखंडी कडी आम्लात भिजू देऊ नका. तिच्यावरचा जस्ताचा मुलामा जातो आणि गंज धरतो. फरशीकडे त्याहून जास्त लक्ष हवं. शहाबादी आणि संगमरवर दोन्ही कॅल्शियमचेच दगड, त्यामुळे जे आम्ल बादलीवरची चुनखडी खातं तेच फरशीचा तकाकही खातं. अशा बाथरूममध्ये हे काम गॅलरीत किंवा परातीत बादली ठेवून करा. आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं कुठलंही द्रावण याच्या जवळपासही नको. आम्लाशी मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड क्षार झटपट काढतं हे खरं, पण त्याच्या वाफा आणि त्वचेला होणारी इजा पाहता मगासाठी ते वापरावं असं मला वाटत नाही.

सगळं करूनही वाळल्यावर पांढुरकेपणा दिसला तर पुन्हा व्हिनेगरचा थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले नाहीत आणि नखात मेणही आलं नाही, तर त्या बहुधा तारेच्या घासणीने पडलेल्या चऱ्या आहेत किंवा उन्हाने विटलेलं प्लास्टिक. ते कशानेही परत येत नाही, आणि चऱ्यांमध्ये नवा क्षार आणखी लवकर बसतो. बादली नवी असेल तर तार तिला लावूच नका. अंघोळ झाली की बादली आणि मग साध्या पाण्याने विसळून पालथे घाला, आठवड्यातून एकदा व्हिनेगरचं फडकं फिरवा. थर कोवळा असताना तेवढ्याने निघतो.