‘उद्या भेटा’: साहेबांच्या दोन शब्दांच्या मेसेजला उत्तर कसे द्यावे?

इंदापूर तालुक्यातून बारामती एमआयडीसीत कामाला येणारे एक सुपरवायझर सकाळी तपासणीला आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलला आहे.) आदल्या रात्री पावणेदहाला मॅनेजरचा मेसेज आला होता : ‘उद्या भेटा.’ रात्रभर झोप नाही, छातीत धडधड. नाडी १०४, रक्तदाब १५०/९४, ईसीजी नॉर्मल. अर्धा तास शांत बसवल्यावर रक्तदाब १३२/८४ वर आला.

असे का होते? धोका जाणवला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढते आणि हृदय वेगाने धडधडू लागते. धोका खरा आहे की आपण कल्पिलेला, याची शरीर वाट पाहत नाही. लिहिलेल्या शब्दांत आवाज नसतो, चेहरा नसतो. तो सूर आपली भीती भरते. क्रुगर आणि एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवले, की ईमेलमधला सूर ओळखण्यात आपण समजतो त्यापेक्षा बरेच जास्त चुकतो.

मी त्यांना कागदावर दोन रकाने करायला सांगितले. पहिल्यात फक्त मेसेजमध्ये असलेले : उद्या भेटायचे आहे. दुसऱ्यात मनाने जोडलेले : साहेब चिडलेत, तक्रार झाली, नोकरी जाणार. पहिल्या रकान्यात एकच ओळ होती. उत्तर त्या ओळीलाच द्यायचे.

त्यांनी रात्री लिहून ठेवलेला मसुदा असा होता : ‘सर, काय झालं? माझं काही चुकलं का? त्या दिवशीचं मी सांगतो...’ न विचारलेल्या गोष्टीचा हा खुलासा झाला. सुदैवाने तो पाठवला नव्हता. आम्ही तो बदलला :

‘हो सर, आज भेटतो. किती वाजता येऊ? काही कागद आणायचे असल्यास सांगा.’

यात होकार आहे, वेळेची विचारणा आहे आणि तयारीपुरता एक प्रश्न आहे. माफी नाही, कारणे नाहीत. विषय साधा असो वा खरोखरच तक्रारीचा, हे उत्तर दोन्ही वेळी चालते. पाठवण्यापूर्वी पाच मिनिटे सावकाश श्वास घ्या : चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. उत्तर एकदाच पाठवा. निळ्या टिका पाहत बसू नका.

त्यांना बोलावले होते ते पुढच्या महिन्याच्या शिफ्टची यादी ठरवायला.

घरच्यांनी ‘काही नाही रे, उगाच घाबरतोस’ म्हणण्यापेक्षा ‘मेसेजमध्ये नेमके काय लिहिले आहे?’ एवढेच विचारावे.

मात्र छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप यांपैकी काही असेल, तर त्याला ताण म्हणून सोडू नका. लगेच रुग्णालय गाठा. प्रत्येक मेसेजला अशी धडधड होत असेल किंवा दोन आठवडे झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटा. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.